ब्राझीलमध्ये ‘मोरेना’ कोण? घरातला रंग आणि फॉर्मवरचा रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सहा वर्षं ब्राझीलच्या बाहिया राज्यात, साल्वाडोर शहरात राहिले. परत आल्यापासून तिथल्या रंगांच्या शब्दांबद्दल मला सारखं विचारलं जातं. कुणी तिथल्या जनगणनेचे आकडे वाचलेले असतात, कुणाला कुठूनतरी कळलेलं असतं की ब्राझीलमध्ये माणसाच्या रंगाला शंभराहून जास्त नावं आहेत. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. शब्द पोर्तुगीज आहेत, पण त्यांतले बरेचसे मराठी माणसाला पटकन उमगतील.

ब्राझीलच्या सरकारी फॉर्मवर रंगाचे किती रकाने असतात?

पाच. जनगणनेचा प्रगणक ते या क्रमाने वाचून दाखवतो: ब्रांका (गोरी), प्रेता (काळी), आमारेला (पिवळी), पार्दा आणि इंदिझेना (मूळ रहिवासी). ‘पार्दा’चं भाषांतर मुद्दामच दिलेलं नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत, कारण पोर्तुगीजमध्ये ‘रंग’ हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. पुरुष बोलताना ब्रांको, प्रेतो, पार्दो म्हणतो.

२०२२च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे २०.३ कोटी भरली. त्यांतल्या ४५.३ टक्के लोकांनी पार्दा सांगितलं, ४३.५ टक्क्यांनी ब्रांका आणि १०.२ टक्क्यांनी प्रेता. उरलेल्या दोन रकान्यांत मिळून एक टक्काच लोक होते. रंग प्रत्येकाने स्वतः सांगायचा असतो, प्रगणकाने माणसाकडे बघून ठरवायचा नसतो. नियम तरी तसा आहे.

मग लोक स्वतःला काय म्हणतात?

१९७६ साली तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने एका मोठ्या घरोघर पाहणीत हा प्रश्न दोनदा विचारला. आधी मोकळा: तुमचा रंग कोणता? मग रकान्यांसह. मोकळ्या प्रश्नाला सुमारे १३५ वेगवेगळी उत्तरं आली.

ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या घरातली स्थळांच्या चिठ्ठ्यांची वही आठवली. त्यात ‘त्रिगेरा’ आहे, म्हणजे गव्हाचा रंग, अगदी आपला गव्हाळ. दालचिनीच्या रंगाची, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाची, उन्हात भाजलेली, समुद्रकिनाऱ्यावर रापलेली, गोरी पण मळकट, गोरी पण वांगाची, ‘गोरेपणाकडे झुकणारी’, ‘जवळजवळ काळी’ अशी उत्तरं आहेत. कुणी नुसतं ‘साधारण’ एवढंच सांगितलंय. ‘मोरेना-झांबू’ असंही एक उत्तर आहे. झांबू हे गडद लाल सालीचं फळ आशियातून तिकडे गेलं आणि नावही भारतीय भाषांतूनच गेलं, आपल्या जांब-जांभळाच्या कुळातलं. बाहियातल्या बाजारात टोपलीभर झांबू घेऊन बसलेली बाई स्वतःचा रंगही त्याच फळावरून सांगते, तेव्हा मराठी कानाला तो शब्द परका वाटत नाही.

म्हणजे ब्राझीलमध्ये १३५ वंश किंवा जाती आहेत?

नाही. या यादीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, आणि ब्राझीलबद्दल कौतुकाने लिहिणारेही तो पसरवतात.

यादी लांब असली तरी बहुतेक लोक मोजक्या सहा-सात शब्दांतच येतात: ब्रांका, मोरेना, फिकट मोरेना, पार्दा, प्रेता, नेग्रा, उजळ. बाकीचे शंभरावर शब्द थोड्याथोड्यांनीच वापरलेले होते. आपणही ‘गोरा’, ‘सावळा’, ‘काळा’ यांच्यापुढे निमगोरा, गव्हाळ, काळासावळा, उजळ, लख्ख गोरा असं म्हणतो. म्हणून काही निमगोऱ्यांचा वेगळा समाज होत नाही. ही वर्णनं आहेत. ती माणसाचा गट सांगत नाहीत, तो कसा दिसतो एवढंच सांगतात.

आणि वर्णन बघणाऱ्यानुसार बदलतं. मार्विन हॅरिस या मानववंशशास्त्रज्ञाने १९७० साली एका अभ्यासाचे निष्कर्ष छापले. त्याने त्वचा, केस, नाक, ओठ यांत फरक करून काढलेली ७२ चेहऱ्यांची चित्रं शंभर ब्राझिली माणसांना दाखवली आणि प्रत्येक चेहऱ्याला काय म्हणाल ते विचारलं. एकूण ४९२ वेगवेगळी वर्णनं जमली. एकाच चित्राला एक जण जे म्हणाला ते शेजारचा म्हणाला नाही. याचा अर्थ लोकांच्या मनात गोंधळ होता असा मी घेत नाही. या शब्दांचं कामच वेगळं आहे: समोरच्याला न दुखावता, त्या क्षणी, त्या माणसाबद्दल बोलता येणं. मोजणीसाठी ते जन्मालाच आलेले नाहीत.

‘मोरेना’ म्हणजे नक्की कोण?

बाकी सगळं सोडलं तरी हा शब्द सोडता येत नाही, कारण घरातल्या आणि फॉर्मवरच्या भाषेतली सगळी ओढाताण या एका शब्दात आहे. १९७६च्या पाहणीत मोकळ्या प्रश्नाला साधारण तिसरा हिस्सा लोकांनी मोरेना किंवा त्याचंच एखादं रूप सांगितलं. २००८ साली त्याच संस्थेने पाच राज्यांत आणि राजधानीच्या जिल्ह्यात पुन्हा मोकळा प्रश्न विचारला तेव्हाही गोऱ्यांनंतर मोरेनाचाच नंबर होता. पार्दा म्हणणारे त्याहून बरेच कमी होते. तरीही मोरेना हा शब्द जनगणनेच्या एकाही फॉर्मवर कधी आला नाही.

गोऱ्या कातडीची, काळ्याभोर केसांची इटालियन वंशाची मुलगी दक्षिण ब्राझीलमध्ये मोरेना असते, सोनेरी केसांची नाही म्हणून. समुद्रावर आठवडाभर राहून आलेला गोरा माणूस म्हणतो, ‘मी मोरेनो झालो.’ मिश्र वंशाची, मध्यम रंगाची व्यक्ती तर मोरेना असतेच. आणि गडद काळ्या माणसालाही तोंडावर मोरेनोच म्हणतात, कारण ‘प्रेतो’ म्हणणं पुष्कळांना उद्धट वाटतं. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याला सगळे लांबून ‘ओ मोरेनो!’ अशी हाक मारायचे. तो रंगाने चांगलाच काळा होता. मीही मोरेना होते. त्याच्या आणि माझ्या रंगात खूप फरक होता, पण हाक दोघांनाही एकच.

म्हणजे हा शब्द दोन्ही टोकांना हात लावतो. त्यात आपुलकी आहे, कौतुकही आहे. आणि काळ्या माणसाला काळं न म्हणण्याची पळवाटही आहे. त्याच्या या तिन्ही बाजू खऱ्या आहेत आणि बोलणाऱ्याच्या मनात त्यांतली कोणती आहे हे आवाजावरून कळतं. कागदावर ते कळायला वाव नाही.

इतका लोकप्रिय शब्द आहे तर त्याचाच रकाना का करत नाहीत?

याचा प्रयोग होऊन गेला आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाहियातल्या रिउ दे कोंतास या गावात संशोधकांनी काही लोकांना नेहमीचे रकाने दिले आणि काहींना तेच रकाने दिले, फक्त ‘पार्दा’च्या जागी ‘मोरेना’ घालून. मोरेनाचा रकाना मिळताच गोऱ्यांचा आकडाही घटला आणि काळ्यांचाही. दोन्हीकडची माणसं मधल्या रकान्यात आली.

त्यावरून दोन तट पडले, आणि आजही आहेत. एक म्हणतो, लोकांना त्यांचाच शब्द द्या, सरकारने आपला शब्द त्यांच्या तोंडात कोंबू नये. दुसरा म्हणतो, जनगणनेत रंग विचारायचा तो कशासाठी? कुणाला शाळा सोडावी लागते, कुणाला कमी पगार मिळतो, पोलिसांच्या गोळीने कोण मरतं, हे कळावं म्हणून. समुद्रावर रापलेला वकील आणि बंदरावर हमाली करणारा काळा माणूस एकाच रकान्यात गेले तर दोघांच्या मिळकतीची सरासरी निघेल आणि त्यांच्यातला फरक दिसेनासा होईल.

माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. मोरेना हा शब्द मला मनापासून आवडतो, पण मोजमापासाठी तो निकामी आहे. मात्र मोकळा प्रश्न पूर्णपणे बंद करणंही चूक आहे. दर दहा वर्षांनी निदान थोड्या घरांत दोन्ही प्रश्न विचारले, तर कोणत्या शब्दाची माणसं कोणत्या रकान्यात जातात हे कळत राहील. ते कळल्याशिवाय रकान्यांचे आकडे नीट वाचताच येत नाहीत.

‘पार्दा’ हा शब्द कुठून आला? लोक तो स्वतःसाठी वापरतात का?

पार्दो म्हणजे मातकट, करडा-तपकिरी. पुडी बांधायच्या खाकी कागदाला तिथे ‘पापेल पार्दो’ म्हणतात, आणि ‘रात्री सगळी मांजरं पार्दो’ अशी म्हण आहे. म्हणूनच ‘पार्दो कागद असतो, माणूस नाही’ असं ब्राझीलमध्ये अनेकदा ऐकू येतं. घरात, बाजारात, प्रेमात कुणी कुणाला पार्दा म्हणताना मी क्वचितच ऐकलं. तो शब्द जन्मदाखल्याचा, पोलीस ठाण्याचा, दवाखान्याच्या केसपेपरचा आहे.

शब्द जुना आहे. १८७२च्या पहिल्या जनगणनेत तो होता आणि तेव्हा देशात गुलामगिरी चालू होती. १८९०मध्ये तो जाऊन त्याजागी ‘मेस्तिसो’, म्हणजे संकराचा, हा शब्द आला. पुढच्या दोन गणनांत रंग विचारलाच नाही. मग १९४० साल उजाडलं आणि तेव्हा जे झालं ते मुळातून सांगण्यासारखं आहे. प्रगणकांना सूचना होती की गोरा, काळा किंवा पिवळा असं उत्तर आलं तर तसं लिहा. दुसरं काहीही सांगितलं, मोरेनो म्हणा, मुलातो म्हणा, काबोक्लो म्हणा, तर त्या जागी एक आडवी रेघ ओढा. नंतर कचेरीत बसून त्या सगळ्या रेघा मोजल्या आणि तक्त्यात त्यांच्यावर मथळा घातला: पार्दो.

लाखो माणसांनी आपापल्या तोंडाने काहीतरी शब्द सांगितला होता. तो कुठेच लिहिला गेला नाही. ‘पार्दा’ हा लोकांनी निवडलेला गट आहे असं कुणी म्हणालं की मला ती रेघ आठवते. १९५०पासून मात्र तो रीतसर रकाना झाला. १९७०मध्ये लष्करी राजवटीत रंगाचा प्रश्नच वगळला होता, तो १९८०मध्ये परत आला. मूळ रहिवाशांसाठी ‘इंदिझेना’ हा रकाना १९९१मध्ये आला. त्याआधी तेही बहुतेक पार्दांतच धरले जायचे. म्हणजे आज जो ४५.३ टक्क्यांचा सगळ्यात मोठा रकाना आहे, तो मुळात ‘उरलेले सगळे’ असाच तयार झालेला आहे.

एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या रकान्यांत कशी जातात?

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा ते सविस्तर सांगते. २०२२च्या ऑगस्टमध्ये जनगणना सुरू झाली. आमच्या शेजारच्या आजींकडे प्रगणक आला तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर बसले होते. तो जेमतेम विशीचा मुलगा होता, हातात मोबाइलसारखं यंत्र. घरात पाच माणसं: आजी, मुलगी, जावई, नात आणि कॉलेजात शिकणारा नातू. नियमाप्रमाणे घरातलं कुणीही एक जण सगळ्यांची माहिती देऊ शकतं, म्हणून आजीच बोलत होत्या.

त्याने आजींचा रंग विचारला. त्या म्हणाल्या, ‘मोरेना.’ त्याने पाचही रकाने पुन्हा वाचले. आपण काही सुचवायचं नाही हे त्याला शिकवलेलं असणार, कारण तो नुसता थांबून राहिला. आजींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘मग पार्दा टाक.’ मुलीचं नाव आलं. ‘तीही माझ्यासारखीच.’ पार्दा.

जावई दारातच उभे होते, आजींपेक्षा बरेच काळे. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, ‘मोरेनो... जरा गडद. पार्दो लिही.’ स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला, ‘आई, तो प्रेतो आहे. प्रेतो लिहायला सांग.’ जावयांनीही मान हलवली. प्रेता झालं. नातीचे केस सरळ, रंग उजळ. आजींनी एका दमात सांगितलं, ‘ब्रांका.’ त्यावर कुणी काही बोललं नाही.

नातू बाहेर होता. आजी म्हणाल्या, ‘तो मोरेनिन्यू आहे’, म्हणजे छोटासा, लाडका मोरेनो. रकान्यात पार्दा जाणार तेवढ्यात मुलीने त्याला फोन लावला. फोनवरून स्वच्छ उत्तर आलं, ‘मी प्रेतो. आजीला सांग, मोरेनो नाही.’

आता हिशेब बघा. आजींच्या तोंडून घरात चार मोरेना होत्या आणि एक गोरी. यंत्रात गेले दोन पार्दा, दोन प्रेता, एक ब्रांका. मुलगी स्वयंपाकघरात नसती आणि फोन लागला नसता तर चार पार्दा आणि एक ब्रांका गेले असते. माणसं तीच, कातडी तीच. ‘स्वतः सांगितलेला रंग’ म्हणून जो आकडा छापला जातो, त्यात पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांगितलेला रंग असतो. आणि सासूला जावयाबद्दल वाटणारा संकोचही त्यात मिसळलेला असतो.

‘प्रेता’ आणि ‘नेग्रा’ यांत काय फरक? दोन्ही काळेच ना?

प्रेता हा रंग आहे आणि फॉर्मवरचा रकाना आहे. नेग्रा हा आज अभिमानाने घेतलेला, चळवळीतून आलेला शब्द आहे, आणि जनगणनेत त्याला रकाना नाही. तरीही कायद्यात तो आहे: २०१०च्या वांशिक समानता कायद्यानुसार प्रेता आणि पार्दा असं सांगणारे सगळे मिळून ‘नेग्रा लोकसंख्या’ होते. म्हणून २०२२च्या आकड्यांवरून ‘ब्राझीलमध्ये ५५ टक्के लोक काळे’ अशी बातमी येते. त्या ५५मधले सुमारे ४५ हे पार्दा आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांनी आयुष्यात स्वतःला नेग्रो म्हटलेलं नसतं. अमेझॉनकडच्या बऱ्याच पार्दांचे पूर्वज तर आफ्रिकेतले नसून तिथले मूळ रहिवासी आहेत. ही बेरीज करण्यामागचं कारण असं की शिक्षण, मिळकत, घर अशा बाबतींत पार्दांची स्थिती गोऱ्यांपेक्षा प्रेतांच्या जास्त जवळ आहे. हे कारण मला पटतं. पण ही बेरीज सरकारची आणि चळवळीची आहे, माणसांनी स्वतःला दिलेलं ते नाव नाही, एवढं बातमी वाचताना लक्षात असावं.

बारा वर्षांत काळ्यांचा टक्का ७.६वरून १०.२ झाला. इतके जन्म झाले का?

नाही. जन्ममृत्यूने एवढा फरक पडत नाही. २०१० ते २०२२मध्ये गोरे ४७.७वरून ४३.५ टक्क्यांवर आले, याचंही कारण मुख्यतः तेच: माणसांनी रकाना बदलला. आमच्या शेजारचा नातू त्यांच्यातलाच एक. २०१०मध्ये आजींनीच सांगितलं असणार आणि तो पार्दो म्हणून गेला असणार.

हे अचानक झालेलं नाही. १९९१च्या जनगणनेआधी काळ्यांच्या संघटनांनी मोहीम काढली होती: ‘नाऊं देशी सुआ कोर पासार एं ब्रांको.’ पोर्तुगीजमध्ये ‘एं ब्रांको’ जाणं म्हणजे कोरं राहून जाणं, आणि शब्दशः गोऱ्यांत जाणं. तुमचा रंग कोरा सोडू नका, गोऱ्यांत जाऊ देऊ नका, असे दोन्ही अर्थ त्या एका ओळीत होते. त्या पिढीची मुलं-नातवंडं आता फोनवरून आजीला दुरुस्त करतात.

‘पिवळे’ म्हणजे कोण? त्यांचा आकडा एकदा वाढून परत कमी का झाला?

जपानी, चिनी, कोरियन वंशाच्या लोकांसाठी हा रकाना आहे. १९०८ साली जपानी शेतमजुरांना घेऊन पहिलं जहाज सांतोस बंदरात आलं, तेव्हापासून ही वस्ती वाढली. २०००च्या गणनेत आमारेला सुमारे ७.६ लाख होते. २०१०मध्ये एकदम २०.८ लाख झाले. एवढे जपानी काही आले नव्हते. शिवाय जिथे जपानी वस्ती नावालाच आहे अशा ईशान्येकडच्या पियाउईसारख्या राज्यातही पिवळे वाढले होते.

बोलीत आमारेलो म्हणजे फिका, निस्तेज, पिवळट दिसणारा माणूस. रकाने वाचून दाखवताना ‘पिवळा’ ऐकलं की अशा माणसाला वाटतं, हा आपलाच. १९७६च्या यादीतही पिवळसर, अर्धी पिवळी, भाजून पिवळी अशी उत्तरं आहेतच. म्हणून २०२२च्या यंत्रात एक सुधारणा केली. ‘आमारेला’ निवडलं की पडद्यावर खुलासा येई: आमारेला म्हणजे पौर्वात्य वंशाची व्यक्ती, जपानी, चिनी, कोरियन; तुमची निवड कायम ठेवायची का? आकडा साडेआठ लाखांवर आला. एका वाक्याच्या खुलाशाने बारा लाख माणसं दुसऱ्या रकान्यात गेली. सांगणारा बोलीतला अर्थ धरतो आणि मोजणारा फॉर्मचा, तेव्हा काय होतं याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा माहीत नाही.

आरक्षणासाठी खोटा रंग सांगता येत नाही का?

२०१२च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी ठेवल्या. त्यांच्या आत प्रेता, पार्दा आणि मूळ रहिवाशांचा हिस्सा त्या-त्या राज्यातल्या जनगणनेच्या प्रमाणात असतो. काही विद्यापीठांत त्याआधीच असं आरक्षण सुरू झालं होतं, आता रकान्याला देशभर किंमत आली. निळ्या डोळ्यांची मुलं ‘माझी पणजी काळी होती’ असं सांगून पार्दा भरू लागली.

सुरुवातीला फोटो बघून ठरवायचा प्रयत्न झाला. २००७ साली ब्राझिलिया विद्यापीठात एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांनी अर्ज केले. फोटोवरून एकाला काळा म्हणून स्वीकारलं आणि दुसऱ्याला नाकारलं. देशभर बोभाटा झाला, अपिलात दुसऱ्यालाही घेतलं आणि फोटोची पद्धत बंद झाली.

केंद्रीय नोकरभरतीसाठी २०१८मध्ये जे नियम झाले ते पुढे अनेक विद्यापीठांनीही घेतले. पाच जणांची समिती उमेदवाराला समोर बसवून बघते, त्याचं चित्रीकरण होतं, आणि अपिलासाठी वेगळी समिती असते. बघायचं ते फक्त दिसणं: त्वचा, केस, चेहरेपट्टी. आजीचा फोटो, जन्मदाखला, जनुकीय चाचणी यांना किंमत नाही. तर्क सरळ आहे: दुकानातला रखवालदार मागे मागे येतो तो तुमची वंशावळ वाचून येत नाही, तोंड बघून येतो. शंका राहिलीच तर उमेदवाराचं म्हणणं मान्य करायचं, असं न्यायालयाने सांगितलेलं आहे.

तरी सगळ्यात जास्त त्रास मधल्यांनाच होतो. जन्मभर ज्यांना मोरेना म्हटलं गेलं, फॉर्म भरताना ज्यांनी प्रामाणिकपणे पार्दा लिहिलं, त्यांना पाच अनोळखी माणसं सांगतात, ‘तुम्ही पार्दा नाही.’ माझ्या ओळखीच्या एका मुलीला एका समितीने नाकारलं आणि दुसऱ्या शहरातल्या समितीने त्याच वर्षी स्वीकारलं. ती मला म्हणाली, ‘कागद दोन होते, पण मी तर एकच आहे ना?’ तरीही समित्या नकोत असं मी म्हणणार नाही. त्या नसताना जागा कुणी घेतल्या तेही मी बघितलंय.

तिथे राहणाऱ्या भारतीयाने काय भरायचं?

आपल्यासाठी रकानाच नाही. आमारेलाच्या व्याख्येत आपण बसत नाही. इंदिझेना तर मुळीच नाही, जरी पोर्तुगीजमध्ये तिथल्या मूळ रहिवाशांना अजूनही पुष्कळदा ‘इंडिओ’ म्हणतात. मी पार्दा सांगितलं, कारण बाकीचे चार तर नक्कीच नव्हते. म्हणजे १९४०च्या रेघेनेच मलाही गाठलं. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबात नवऱ्याने पार्दा आणि बायकोने ब्रांका भरलं. घरात दोघंही स्वतःला ‘इंदियानो’ म्हणत. शेजाऱ्यांना विचारलंत तर दोघंही मोरेनो.

मराठीत लिहिताना ‘मोरेना’ला सावळी म्हटलं तर चालेल?

शक्यतो नको. सावळीत गोरी, काळ्या केसांची मुलगी बसत नाही, मोरेनात बसते. उलट आपल्या ‘सावळी’मागे विठ्ठल आहे, कृष्ण आहे, तो सूर मोरेनात नाही. ‘पार्दा’ला मिश्रवंशीय म्हणणंही फसवं आहे, कारण रकाना रंग विचारतो, आईबाप नाही. मी दोन्ही शब्द तसेच ठेवते आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात खुलासा देते. आकडा असेल तर तो मोकळ्या प्रश्नाचा की रकान्यांचा हेही लिहिते. आजींचं बोलणं सांगायचं असेल तर मात्र मोरेनाच. ‘पार्दा’ त्यांनी त्या मुलाच्या यंत्रासाठी एकदा म्हटलं, त्यानंतर मी तो शब्द त्यांच्या तोंडून परत ऐकला नाही.